मदत हवी आहे: वेळापत्रकातील एकत्र तासिका दुहेरी नोंद म्हणून दाखवली जाते

शाळेचे वेळापत्रक गूगल शीटमध्ये असून A ते F या स्तंभांत अनुक्रमे वार, तासिका, वर्ग, शिक्षक, खोली आणि गटाचे नाव आहे. एकाच तासिकेला शिक्षक दोनदा आल्यास पुढील सूत्राने ओळ लाल होते; खोलीसाठी D ऐवजी E घेतला आहे.

```
=COUNTIFS($A$2:$A,$A2,$B$2:$B,$B2,$D$2:$D,$D2)>1
```

मात्र ९ अ आणि ९ ब यांची संस्कृतची तासिका एकत्र होते, आणि दोन्ही ओळींत F मध्ये ‘सं९’ असूनही त्या लाल होतात. सूत्रात `$F$2:$F,"<>"&$F2` जोडून आणि `>1` चे `>0` करून पाहिले. परंतु F रिकामा असलेल्या ओळींत ती अट ‘रिकामे नसलेले’ अशी ठरत असल्याने खऱ्या चुकाच सुटतात. नावे यादीतून निवडली जात असल्यामुळे शुद्धलेखनाचा फरक नाही. सहकारी मोबाइलवरून नोंदी करतात, म्हणून स्क्रिप्ट नको आहे. एकाच गटाच्या ओळी वगळून, त्याच शिक्षकाला त्याच वेळी तिसरा वर्ग दिल्यास मात्र तो दाखवेल, असे सूत्र कसे लिहावे?