आईला द्यायच्या पत्रात ‘तुझी चूक नाही’ हे वाक्य ठेवू का?

अबोली: ‘आई, तीन महिने झाले, पहाटे साडेतीनला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. मी थेरपी सुरू करायचं ठरवलंय. यात तुझी काही चूक नाही. फक्त मला समजून घे.’ तोंडाने सांगायला गेले की रडू फुटतं, म्हणून लिहिलंय. असंच देऊ का?

समुपदेशक_ताई: ‘तुझी चूक नाही’ हे वाक्य काढ. पहिल्याच एक-दोन भेटींत घर, बालपण, आईवडील हे विषय निघतात. पुढे कधी आईवरचा राग वर आला, तर या वाक्यामुळे तुझंच तोंड बांधलं जाईल. ‘हे कशामुळे होतंय ते मलाही ठाऊक नाही, तेच शोधायला जातेय’ असं लिही, ते खरं आहे. आणि नुसतं ‘समजून घे’ म्हटल्यावर आईने नेमकं करायचं काय? ‘गुरुवारी संध्याकाळी तासभर माझं दार बंद असेल. नंतर काय बोललीस असं विचारू नकोस, मला वाटलं तर मीच सांगेन,’ एवढं लिहिलंस तर तिला काहीतरी हाती लागेल.

दोन_मुलींची_आई: मला नाही पटलं. माझ्या थोरलीने अशीच चिठ्ठी उशाशी ठेवली होती. चष्मा न लावताच वाचायला घेतली आणि नजर शोधत होती ती एकच ओळ, माझं काय चुकलं. ‘तुझी चूक नाही’ असं लिहिलं होतं म्हणून पुढचं वाचता आलं. नसतं, तर मी थेरपिस्टलाच शत्रू समजले असते. परक्या बाईपुढे पोरगी आपली गाऱ्हाणी मांडणार, ही धास्ती काय असते ते आई झाल्याशिवाय कळत नाही.

सरळमार्गी: झोप लागत नाही म्हणजे थायरॉइड तपासा. थेरपी वगैरे नंतर. आमच्या वेळी मैत्रिणीशी बोलून भागायचं.

समुपदेशक_ताई: तपासणी जरूर करावी, पण तिच्यासाठी थेरपी थांबवू नये. पहाटे लवकर जाग येणं नैराश्यातही असतं. अबोली, भूक, कामातलं लक्षही गेलंय का? तसं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखव, गोळ्या लागतील का ते तेच ठरवतील. आणि @दोन_मुलींची_आई, तुमची धास्ती खरी आहे. पण थेरपिस्ट सगळं गुप्त ठेवतात. जिवाला धोका दिसला तरच घरच्यांना कळवतात. हेही पत्रात घालता येईल.

दोन_मुलींची_आई: गुप्त ठेवतात, हीच तर धास्ती!

निवांत: आईलाच सोबत घेऊन जा ना, पत्र कशाला?

अबोली: सोबत नको, तिच्यासमोर मी ‘बरी आहे’ असंच म्हणेन. भूक गेलीय, हो. गुरुवारची ओळ घातली. ‘चूक नाही’ ही ओळ खोडली, पण खोडलेलं नीट वाचता येतंय. नवा कागद घेतला होता, तो अजून कोराच आहे.