मदत हवी आहे: रखडलेल्या सदनिकेसाठी महारेराकडे तक्रार करावी की दिवाणी दावा?

वसुंधरा_पिंचिं
नमस्कार. पिंपरी-चिंचवड भागातील एका प्रकल्पात आम्ही २०१८ मध्ये ५२ लाखांची सदनिका घेतली. नोंदणीकृत करारनाम्यात ताब्याची तारीख ३१ डिसेंबर २०२१ अशी असून त्या तारखेपर्यंत आम्ही ४६ लाख ८० हजार रुपये भरले आहेत. इमारत उभी आहे, परंतु उद्वाहक आणि अग्निशमनाची कामे अपूर्ण असल्याने भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले नाही. विकासकाने पत्राने कळवले आहे की महारेराने प्रकल्पाला मुदतवाढ दिली असल्यामुळे विलंब झालेलाच नाही. आम्हाला घर हवे आहे, पैसे परत नकोत. माझे मामा, जे निवृत्त न्यायालयीन कर्मचारी आहेत, ते म्हणतात की दिवाणी दावा लावून मनाई हुकूम घेतल्याखेरीज विकासक हलणार नाही. कोणता मार्ग योग्य ठरेल?

सह्याद्री_०७
दिवाणी न्यायालय रेरा कायद्याने पूर्णपणे बंद केले आहे आणि ग्राहक आयोगाचाही मार्ग उरलेला नाही. महारेराशिवाय पर्याय नाही.

अॅड_नीरा
सह्याद्री यांचे निम्मे म्हणणे बरोबर आहे. कलम ७९ नुसार जे प्रश्न महारेरा प्राधिकरणाने ठरवायचे आहेत, त्यांवर दिवाणी न्यायालयाला दावा ऐकता येत नाही, मनाई हुकूमही देता येत नाही. त्यामुळे मामांनी सुचवलेला दावा अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावरच अडकण्याची शक्यता फार मोठी आहे. ग्राहक आयोगाचा मार्ग मात्र खुला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने इंपेरिया स्ट्रक्चर्स प्रकरणात २०२० मध्ये स्पष्ट केले. जमिनीच्या मालकीवरून भाऊबंदकीचा वाद असेल, तर तो आजही दिवाणी न्यायालयातच चालतो. तो महारेरा ठरवत नाही.

विकासकाच्या पत्राने आपण दबून जाऊ नये, ही माझी कळकळीची विनंती. महारेराच्या संकेतस्थळावरील सुधारित तारीख ही विकासक आणि प्राधिकरण यांच्यामधली असते. आपल्याशी झालेल्या करारनाम्यातील तारीख तिने पुसली जात नाही. नीलकमल रिअल्टर्स प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये हेच सांगितले आहे. करारनाम्यातील ताब्याचे कलम मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, कारण तिथे बहुधा वाढीव मुदतीची आणि अपरिहार्य कारणांची तरतूद असते, आणि विकासक तिचाच आधार घेतो.

प्रकल्पात राहायचे ठरवल्यास कलम १८ नुसार ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज मागता येते. महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआर या कर्जदरापेक्षा दोन टक्के अधिक असतो. उदाहरणादाखल साडेदहा टक्के धरल्यास आपल्या ४६ लाख ८० हजारांवर महिन्याला ४०,९५० रुपये होतात. दिवाणी दाव्यात नुकसान किती झाले हे पुराव्यानिशी सिद्ध करावे लागते आणि मागणीच्या रकमेनुसार न्यायशुल्क भरावे लागते. इथे व्याजाचा दर नियमानेच ठरलेला आहे आणि तक्रारीचे शुल्क ५,००० रुपये आहे.

मावळचा_प्रवासी
माझी गोष्ट थोडी वेगळी आहे, मी पैसे परत मागितले होते. आदेश माझ्या बाजूने झाला, परंतु विकासकाने पैसे दिले नाहीत. मग पुन्हा अर्ज करून वसुली वॉरंट घेतले, ते जिल्हाधिकाऱ्यांकडून तहसीलदारांकडे गेले आणि तिथेच पडून राहिले. विकासकाच्या नावावर नेमकी कोणती मिळकत आहे, हे मीच शोधून सातबारा उताऱ्यासह दिले, तेव्हा कारवाई हलली. वसुंधराताईंनी ही माहिती आतापासूनच जमवून ठेवावी.

अॅड_नीरा
हा मुद्दा महत्त्वाचा आहे. रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते, त्यामुळे दिवाणी हुकूमनाम्यासारखी स्वतंत्र दरखास्त लावावी लागत नाही, तरीही यंत्रणा संथ आहे. शिवाय विकासकाविरुद्ध दिवाळखोरीची कार्यवाही सुरू होऊन स्थगिती लागू झाली, तर महारेराची वसुलीही थांबते.

वसुंधरा_पिंचिं
मनापासून आभार. अजून दोन शंका आहेत. कराराचे उरलेले ५ लाख २० हजार आम्ही ताब्याच्या वेळी द्यायचे आहेत. ते व्याजातून वळते करून घेता येतील का? आणि २०२२ पासून आम्ही जे घरभाडे भरत आहोत, तेही मागता येईल का?

अॅड_नीरा
वळते करून घेण्याची मागणी तक्रारीतच स्पष्ट लिहा; मागितलेच नाही, तर आदेशात येणार नाही. घरभाड्याबाबत मतभेद आहेत. नुकसानभरपाई ठरवण्याचे काम प्राधिकरणाचे नव्हे, तर न्यायनिर्णय अधिकाऱ्याचे असते आणि त्यासाठी वेगळा अर्ज लागतो. प्रकल्पात राहणाऱ्याला कलम १८ च्या परंतुकात केवळ व्याजाचा उल्लेख आहे, त्यामुळे भाडे त्यावर अधिक मिळेल, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

सह्याद्री_०७
माझ्या मते व्याज हीच भरपाई असते, भाडे मागू नये. कोविडचे सहा महिने तरी विकासकाला सुटतीलच ना?

अॅड_नीरा
महारेराने २०२० मध्ये प्रकल्पांना सहा महिन्यांची मुदतवाढ दिली होती हे खरे. ती करारनाम्यातील तारखेलाही लागू होते, असे विकासक नक्की म्हणेल. आपण ३१ डिसेंबर २०२१ हीच तारीख धरून मागणी करावी आणि सवलतीचे कारण सिद्ध करण्याचे काम त्याच्याकडे राहू द्यावे.