उपरोध, उपहास की नुसती थट्टा?

रानजाई: एका इंग्रजी कथेचा अनुवाद करते आहे. सून जेवायला तासभर उशिरा पोचते. दार उघडून सासरे म्हणतात, "आलात! वेळात वेळ काढलात, उपकार झाले." परतताना नवरा म्हणतो, बाबा थट्टा करत होते. ती म्हणते, थट्टा नव्हती, उपरोध होता. संपादकांनी 'उपरोध' खोडून 'उपहास' केलं, ते मला पटत नाही. पुढे त्याच सासऱ्यांना स्वतःच्या निरोप समारंभाला पोचायला उशीर होतो. तिथे लेखिकेने 'आयरनी' म्हटलंय. त्याला काय म्हणू?

तिरपागडा: आयरनी म्हणजे दैवदुर्विलास. शाळेत शिकलोय.

शब्दवेडा: दैवदुर्विलासात दुःख हवं. पट्टीचा पोहणारा गुडघाभर पाण्यात बुडाला, तर तो दैवदुर्विलास. समारंभाला उशीर झाला, तिथे हा शब्द फार जड होतो. मी 'नियतीने थट्टा केली' असं वाक्यच फिरवीन. आणि बोलण्यातली आयरनी असेल तर वक्रोक्ती.

उपरोध-उपहासाबद्दल तुमचंच बरोबर आहे. उपहास सरळ शब्दांतही होतो: "हा सदरा घालून आलास? विदूषक दिसतोस." उपरोधात शब्द एकीकडे आणि अर्थ दुसरीकडे असतो. म्हणून तो पकडणं अवघड जातं. शिवरामपंत परांजप्यांनी 1898 साली 'काळ' साप्ताहिक सुरू केलं, ते गाजलं वक्रोक्तीमुळे. सरकारवर थेट लिहिण्याची सोय नव्हती, म्हणून उलट्या बोलाचा आडोसा. 1908 मध्ये राजद्रोहाची शिक्षा झालीच. म्हणजे सरकारलाही अर्थ कळत होता.

सुपारी: माझा अनुभव सांगते. भाच्याने घरच्या ग्रुपवर साखरपुड्याची तारीख टाकली. मी लिहिलं, "वा, फारच लवकर कळवलंस!" मला गंमत करायची होती. वहिनींना टोमणा वाटला, महिनाभर अबोला. समोर असते तर 'फाऽरच' म्हणून पाठीत धपाटा घातला असता, कुणाला काही वाटलं नसतं.

शब्दवेडा: जुन्या अलंकारशास्त्रात याला 'काकू' म्हणतात, म्हणजे आवाजाच्या चढउताराने फिरणारा अर्थ. लिहिताना तोच हरवतो.

सुपारी: काकू मीच आहे हो, पण हे माहीत नव्हतं.

विंगेतली: मी हौशी नाटकं बसवते. रानजाई, तुमचा आणि संपादकांचा वाद पुढच्या शब्दावर चाललाय, पण निकाल 'आलात'मध्येच लागलाय. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. मराठीत सासरे एरवी सुनेला 'अगं, तू' म्हणत असतील आणि दारात एकदम 'आलात' म्हणाले, तर त्या आदरानेच ती दुखावली. त्यांना थट्टाच करायची असती तर म्हणाले असते, "आलीस का महाराणी? भात गार झाला बघ." त्यावर तिला "राणी म्हटल्यावर उशीर व्हायचाच बाबा" असं म्हणता येतं. 'उपकार झाले' यावर ती काय बोलणार? थट्टेत समोरच्याला उलट बोलायला जागा असते, उपरोधात ती नसते.

तिरपागडा: साफ चूक. आमच्या कोल्हापुरात आजोबा नातीला "या बाईसाहेब, बसा" म्हणतात. ते काय टोचून बोलतात?

विंगेतली: त्यापुढचं वाक्य ऐका. "या बाईसाहेब! जा, हात धू आधी." एका वाक्यात नाटक संपतं आणि 'तू' परत येतं. जेवण संपेपर्यंत "आपण घ्या ना अजून" चालू राहिलं, तर समजावं की राग आहे. कथेत सासरे पुढे काय बोलतात?

रानजाई: काहीच नाही. मुलाशीच बोलत राहतात.

विंगेतली: मग नवरा त्यांची बाजू सावरतोय. 'आलात' ठेवा. पण पहिल्या पानावर ते तिला 'तू' म्हणतात हे वाचकाला दिसू द्या, नाहीतर 'आलात' हा नुसता आदर वाटेल.

मायमराठी: 'मस्करी' अरबीतून आली, आता मुलं 'सार्कॅस्टिक' म्हणतात. 'उपरोधिक' असताना कशाला?

तिरपागडा: 'उपरोध' तरी कुठे मूळ अर्थाने वापरता? संस्कृतात त्याचा अर्थ अडथळा. विरोध, अवरोध त्याच धातूचे. अर्थ फिरतात.

मायमराठी: अर्थ फिरणं वेगळं, शब्द टाकून देणं वेगळं.

शब्दवेडा: माझी मुलगी 'सार्कॅस्टिक' म्हणते ते मित्रांतल्या बोलण्याला. 'टोमणा' म्हटलं की तिला घरातलंच आठवतं. दोन्हीची जागा एक नाही.

सुपारी: आणि 'शालजोडीतला'? आमच्या आजी म्हणायच्या, शालीत गुंडाळून मारलेला जोडा तो.

मायमराठी: शालजोडी म्हणजे शालींची जोडी. त्यात पादत्राण कुठून आलं?

विंगेतली: 'जोडी'वरचा श्लेषच असेल की. शालजोडी दिली म्हणावं आणि आतून जोडा निघावा.

रानजाई: 'आलात' ठेवते, संपादकांना कारण लिहून पाठवते. पण 'नियतीने थट्टा केली' लिहिलं तर नवऱ्याच्या तोंडचा 'थट्टा' शब्द परत येतो. दुसरं काही सुचतंय का?

मायमराठी: आधी शालजोडीचं मिटू द्या.