बीदरचे तीन तुकडे: 1956 ची रेघ बरोबर पडली का?

मांजराकाठ (धागा सुरू करणारे)
शाळेत शिकलो की 1956 ला भाषेवर राज्यं झाली. मग एकट्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे कसे झाले? उदगीर इकडं, भालकी कर्नाटकात, नारायणखेड तिसरीकडं. ही रेघ कोणी आणि कशाच्या आधारावर मारली? ती बरोबर पडली का, यावर भांडलात तरी चालेल.

बालाघाट
यात भांडण्यासारखं काही नाही. राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फजल अली आयोगाचा नियम सरळ होता: सत्तर टक्के लोक एका भाषेचे असले की प्रदेश त्या भाषेचा. त्याच नियमानं तालुके मोजले आणि वाटले. मराठी जास्त म्हणून उदगीर, निलंगा, अहमदपूर आपल्याकडं आले. भाषेचं तत्त्व एकदा मान्य केलं की रेघ आपोआप पडते.

जुना नकाशा
बालाघाट, सत्तर टक्क्यांचा आकडा आयोगाचाच, पण तो तालुके वाटण्यासाठी नव्हता. कारभार एका भाषेत चालवायचा की दोन भाषांत, हे ठरवण्यासाठी होता. आणि उदगीर आपल्याला आयोगानं दिलंच नाही.

30 सप्टेंबर 1955 चा अहवाल काय सांगतो ते बघा. फजल अली, कुंझरू आणि पणिक्कर या तिघांनी हैदराबाद राज्य मोडायला सांगितलं आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात घातले: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. तेलुगू जिल्ह्यांचं मात्र 'हैदराबाद' याच नावाचं वेगळं राज्य राहू द्यावं, आणि 1961 च्या सुमारास होणाऱ्या निवडणुकांनंतर तिथल्या विधानसभेनं दोन तृतीयांश मतांनी ठरवलं तर ते आंध्रात जावं, असं म्हटलं. या उरलेल्या हैदराबादेत बीदर अख्खा होता आणि आदिलाबादही अख्खा. म्हणजे अहवाल जसाच्या तसा लागू झाला असता तर उदगीर, निलंगा, अहमदपूर, किनवट आणि राजुरा आज तेलंगणात असते.

याचं कारण आयोगाच्या पद्धतीत आहे. त्यांनी जिल्हा हा घटक धरला. जिल्हा फोडला की कोषागार, न्यायालय, महसुली दप्तर, पोलीस, रस्ते सगळंच फोडावं लागतं, म्हणून शक्यतो त्याला हात लावायचा नाही अशी त्यांची भूमिका होती. बीदरमध्ये मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा, मराठी बोलणारे सर्वांत जास्त, पण निम्मे कोणीच नाही. जिल्हा फोडायचाच नाही म्हटल्यावर असा जिल्हा कोणत्याही भाषेच्या मापात बसत नाही.

पुढं तेलंगण आणि आंध्र लगेच एकत्र करायचं ठरलं. दोन्हीकडच्या नेत्यांचा करार फेब्रुवारी 1956 चा. एकदा पलीकडं तेलुगू भाषेचं राज्य होणार म्हटल्यावर मराठी-कन्नड बीदर त्यात ठेवायला आधारच उरला नाही. तेव्हा कुठं सुरी जिल्ह्याखाली उतरली, आधी तालुक्यावर आणि मग गिर्दावर सर्कलवर, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या महसुली गटावर.

राज्य पुनर्रचना कायदा वाचताना ही सुरी दिसते. अहमदपूर, निलंगा, उदगीर हे तीन तालुके मुंबई राज्याला. नारायणखेड तालुका आंध्र प्रदेशाला. जहीराबाद तालुकाही आंध्राला, पण त्यातलं निर्णा सर्कल वगळून. बीदर तालुका म्हैसूरला, म्हणजे आजच्या कर्नाटकाला, पण त्यातलं न्याळकल सर्कल आंध्राला. बाकीचा जिल्हा म्हैसूरला. नांदेडही सुटला नाही. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही सर्कलं, तसंच मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कलं आंध्राला गेली. उलट आदिलाबादचे किनवट आणि राजुरा तालुके आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल इकडं आलं. 1 नोव्हेंबर 1956 पासून हे अंमलात आलं.

बालाघाट
शिफारशीचं मला माहीत नव्हतं, चूक कबूल. पण मुद्दा तोच राहतो ना? शेवटी मराठी तालुके मराठीकडं आले. घटक जिल्हा असो की सर्कल, तत्त्व भाषेचंच.

देगलूर नाका
तत्त्व भाषेचं, पण भोगलं कोणी? बिचकुंदा-जुक्कल गेलं तेव्हा देगलूरची अर्धी पंचक्रोशी गेली. मदनूरच्या माणसाला बाजाराला देगलूर आजही जवळ. भाषा म्हणाल तर तिकडं मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही बोलणारी माणसं एकाच गल्लीत राहतात. 1972 ला महाराष्ट्रानं कापूस एकाधिकार खरेदी आणली, तेव्हा या रेघेची किंमत कळली. सरकारी केंद्रावर पैसे उशिरा मिळायचे आणि पलीकडं भाव बरा असायचा. मग रातोरात गाड्या भैंसा-आदिलाबादकडं. ती अडवायला नाके. माल आपला, रान आपलं, आणि पलीकडं नेला की चोरटा कापूस! माझं मत सरळ आहे: या पट्ट्यात भाषा हा निकष लावायलाच नको होता. बाजारपेठ आणि रस्ता बघून तालुके ठेवायचे.

जुना नकाशा
नाकेवाले, तुमची तक्रार खरी, पण दोष चुकीच्या माणसावर टाकताय. कापूस अडवला तो महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यानं. आणि बाजार तुटण्याचा हिशोब करायचा तर पश्चिमेकडंही बघा. निजामाच्या राज्यात उस्मानाबाद आणि बार्शी यांच्यामध्ये सरहद्द होती. करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरावी लागायची आणि पैसाही वेगळा, हाली शिक्का. बार्शीची पेठ हाकेच्या अंतरावर असूनही परमुलखात. 1956 नं ती रेघ पुसली आणि दुसरी देगलूरच्या पूर्वेला ओढली. एकाचा तोटा सांगताना दुसऱ्याचा फायदा झाकू नये.

बाजारपेठ हा निकष लावला असता तर भांडणं कमी झाली असती, हेही मला पटत नाही. पेठ बदलते. परळी ते विकाराबाद रेल्वेमार्ग उदगीर, भालकी, बीदरवरूनच जातो. त्या हिशोबानं उदगीर बीदरलाच ठेवायला पाहिजे होतं. तुम्ही राहिला असता का तयार?

देगलूर नाका
उदगीरवाल्यांना विचारा. बाकी धर्माबादकडची काही गावं अलीकडं 'आम्हाला तेलंगणात घ्या' म्हणायलेत. तिकडं शेतकऱ्याला जास्त मिळतं म्हणून. मराठी गावं आहेत ती. भाषाच सगळं असती तर हे कशाला झालं असतं?

सातबारा
मंडळी, उदगीरच्या एका गावची जमिनीची जुनी नोंद पाहिजे. बीदरला जावं लागेल की लातूरला? इथं सगळे जाणकार दिसायलेत म्हणून विचारतो.

जुना नकाशा
सातबारा, धागा वेगळा आहे, पण तुमचा प्रश्न याच कारणानं अवघड झालाय. उदगीरचा जिल्हा 1956 पर्यंत बीदर, नंतर उस्मानाबाद आणि 1982 पासून लातूर. त्यामुळं दप्तर तिन्ही ठिकाणी विखुरलेलं असू शकतं. आधी तहसीलच्या अभिलेख कक्षात 1954-55 ची खासरा पाहणी मागा. तिथं गावाचं नाव आणि सर्व्हे नंबर जुळला की पुढचं सोपं. त्याआधीचे कागद बहुतेक उर्दूत, तेव्हा वाचणारा माणूस सोबत न्या. कूळ लागलं असेल तर मुंबईचा कूळकायदा बघू नका. मराठवाड्याला हैदराबादचा 1950 चा कूळकायदा लागू राहिला. पुनर्रचना कायद्याच्या कलम 119 नं असं ठरवलं की प्रदेश हलला तरी जुना कायदा, बदलेपर्यंत, त्याच प्रदेशावर चालेल. माणसं मुंबई राज्यात, जमीन मात्र हैदराबादच्या कायद्यात!

किनवटचा पहाड
तुम्ही सगळे मराठी, कन्नड, तेलुगू मोजताय. किनवट, इस्लापूरला गोंडी बोलणारे आणि तांड्यावरचे गोरमाटी बोलणारे बंजारा किती होते, ते कोणत्या राज्याच्या पारड्यात टाकले? त्यांच्या भाषेचं राज्य कुणी मागितलंच नव्हतं. आणि रेघेचा परिणाम बघा: तोच बंजारा समाज तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती, आणि आमच्याकडं विमुक्त जाती. पलीकडच्या तांड्यात सोयरीक केली की लेकराचा दाखला कुठला, हा प्रश्न. राजुऱ्याच्या बाजूला माणिकगड पहाडातली चौदा गावं तर अजून दोन्ही राज्यांची. मतदान दोन्हीकडं, शाळा दोन्हीकडं.

जुना नकाशा
किनवटकर, तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझ्याकडं समाधानकारक उत्तर नाही. जिथं दोनच मोठ्या भाषा आहेत तिथं भाषेचं तत्त्व चालतं. तिसरी, चौथी भाषा आली की ती माणसं फक्त आकडा कमी-जास्त करायला उरतात.

बालाघाट
मग पाटसकर सूत्र लावायचं होतं. गाव हा घटक धरला की सगळे वाद मिटतात.

जुना नकाशा
सगळे नाही मिटत. आंध्र आणि मद्रासच्या सीमेवर पाटसकरांनी गाव घटक धरला, गावं एकमेकांना लागून असावीत अशी अट घातली, आणि 1960 च्या एप्रिलपासून अदलाबदल झालीसुद्धा. तिथं दोन्ही राज्यं आधी तयार होती, हे विसरू नका. आपल्याकडं महाराष्ट्रानं हेच सूत्र मागितलं आणि कर्नाटकानं नाकारलं. 1966 च्या महाजन आयोगानं 264 गावं महाराष्ट्राला आणि 247 कर्नाटकाला द्यायला सांगितली, ते महाराष्ट्रानं नाकारलं. 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

आणि बीदरमधल्या औरादला गाव घटक धरून बघा. एक गाव मराठी, त्याला चारी बाजूंनी कन्नड गावं, म्हणजे लागून असण्याच्या अटीत ते बसत नाही. शिवाय जनगणनेत मातृभाषा एकच लिहितात. घरात कन्नड, बाजारात मराठी आणि 1948 पर्यंत कचेरीत उर्दू, अशा घराचा रकाना कोणता? गणनेला आलेला माणूस कोणत्या भाषेत विचारतो, यावरसुद्धा उत्तर बदलतं.

मांजराकाठ
एक राहिलं. ज्या लोकांना हलवलं त्यांना विचारलं होतं का?

जुना नकाशा
लोकांना नाही, विधानसभांना. घटनेच्या कलम 3 प्रमाणं राष्ट्रपती विधेयक संबंधित विधानसभांकडं मतासाठी पाठवतात. मत बंधनकारक नसतं. डिसेंबर 1955 च्या पाचव्या घटनादुरुस्तीनं त्याला मुदतही घातली, म्हणजे विधानसभा अडून बसली तरी काम थांबायचं नाही. त्यातही गंमत अशी की मताला पाठवलेल्या विधेयकात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन भाग होते. संसदेत ते बदलून द्वैभाषिक मुंबई राज्य झालं आणि मराठवाडा, विदर्भ, गुजरात एका दावणीला आले. बदललेलं विधेयक पुन्हा विधानसभेला दाखवायला हवं होतं, असं म्हणत प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं 1960 च्या सुमारास सांगितलं की गरज नाही.

देगलूर नाका
म्हणजे जुक्कलवाल्यांना कोणी विचारलं नाही आणि आम्हालाही नाही. एवढ्यात तरी आपलं एकमत.

बालाघाट
नाही हो. उदगीर, निलंगा, अहमदपुरात मराठी मुलखात यायची मागणी होतीच. न विचारता झालं, पण मनाविरुद्ध झालं असं म्हणता येत नाही.

किनवटचा पहाड
तुमच्या तीन तालुक्यांपुरतं बोला, दादा. आमच्या पहाडाचं तुम्ही कसं सांगणार?