मदत हवी आहे: तंद्री की फिट? ईईजी पुन्हा करावा का?

मुलगी 7 वर्षांची, आम्ही चोपड्याला. दिवसातून 15-20 वेळा 8-10 सेकंद एकटक बघत राहते. कळण्याच्या भाकरीचा घास हातात तसाच, पापण्या फडफडतात. हाक मारली, खांदा हलवला तरी भान नाही. मग घास तोंडात जातो, मधलं काही आठवत नाही. नुसती तंद्री हात लावल्यावर तुटली असती ना? ती पडत नाही, औषध सुरू नाही, व्हिडिओ काढलाय. सायकल बंद केली.

जळगावला केलेला ईईजी नॉर्मल. पण त्यात 3 मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावलंच नाही, आणि अ‍ॅबसन्स फिट बहुधा त्यानेच उमटते. मग हा रिपोर्ट धरून फिट नाही म्हणायचं, की श्वासाच्या चाचणीसह ईईजी पुन्हा करून घ्यायचा?