लिची मारते की उपाशी पोट? मुजफ्फरपूरच्या मुलांबद्दल

निखिल, ठाणे
मे-जून आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर हमखास मेसेज फिरतो, "लिची खाऊन बिहारमध्ये मुलं मेली, लहानांना देऊ नका." माझं मत विचाराल तर हा फळावर उगाच घेतलेला आळ आहे. मुलं कुपोषणाने जातात, आणि बोट दाखवायला झाड बरं पडतं. लिचीत खरंच विष असतं का, की ही नुसती सारवासारव?

डॉ. मेधा, नाशिक
विष आहे. हायपोग्लायसिन ए आणि त्याचा भाऊबंद एमसीपीजी, दोन्ही लिचीच्या गरात सापडलेत. कच्च्या फळात जास्त, पिकलेल्यात कमी. पण तुमचा दुसरा मुद्दाही सोडू नका, कारण हे विष भरल्या पोटी खाणाऱ्या मुलाला सहसा काही करत नाही.

त्या भागात जे घडतं ते साधारण असं. चार वर्षांचं पोर, वजन बारा किलो, म्हणजे वयाच्या मानाने चांगलंच कमी. आई-बाप बागेत तोडणीला. पोर दिवसभर झाडाखाली पडलेली, अर्धी हिरवी, फुटकी फळं खातं, कारण ती कोणी विकत नाही. पोट भरल्यासारखं वाटतं, संध्याकाळी न जेवताच झोपतं. पहाटे चार-पाचच्या सुमाराला किंचाळून उठतं, झटके येतात, शुद्ध हरपते. तिकडे याला 'चमकी बुखार' म्हणतात, पण दवाखान्यात आणतात तेव्हा बऱ्याच मुलांना ताप नसतो. पाठीतलं पाणी काढलं तर ते स्वच्छ. आणि बोटाला सुई टोचून साखर पाहिली तर तीस, कधी त्याहून कमी.

रात्री आपण जेवलेलो नसलो तरी यकृतात साठवलेली साखर मेंदूला पुरते. ती संपली की शरीर चरबी जाळतं आणि त्या जोरावर नवी साखर बनवतं. लिचीतलं विष नेमकं चरबी जाळण्याचं काम अडवतं, त्यामुळे नवी साखर बनणंही बंद पडतं. धडधाकट मुलाचा साठा रात्र काढून नेतो. या मुलाचा साठा मुळातच तुटपुंजा, तो मध्यरात्रीनंतर संपतो. मग दुसरा रस्ताही बंद.

राजाभाऊ
मेंदूज्वर तो मेंदूज्वरच. आपल्याकडे नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात १९६५ ला सापडलेला विषाणू २००३ मध्ये आंध्र आणि विदर्भात मुलं घेऊन गेला होता. तिथेही असंच, एका रात्रीत खेळ खलास. बिहारमध्येही विषाणूच असणार, डॉक्टर लोकांना सापडला नाही एवढंच. डासांची फवारणी करा आधी.

डॉ. मेधा, नाशिक
राजाभाऊ, चांदीपुराची आठवण चुकीची नाही. मुजफ्फरपुरात १९९५ पासून हे चाललंय, आणि सुरुवातीची बरीच वर्षं सगळे विषाणूच शोधत होते. व्हिएतनाममध्ये बाक झांगच्या लिचीच्या बागांजवळही मुलांना हेच होत असे, तिथेही आधी विषाणूवरच संशय. पण विषाणूचा मेंदूज्वर असेल तर बहुतेक वेळा पाठीच्या पाण्यात पेशी वाढलेल्या दिसतात, ताप असतो, आणि रोग लिचीच्या हंगामाचं वेळापत्रक पाळत बसत नाही.

२०१४ साली दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने अमेरिकेच्या सीडीसी या रोग नियंत्रण संस्थेबरोबर नीट तपास केला. मेअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत शहरातल्या दोन मोठ्या रुग्णालयांत ३९० मुलं आली, त्यातली १२२ गेली. हा आजार झालेल्या १०४ मुलांशी दुसऱ्या कारणाने रुग्णालयात आलेल्या, त्याच वयाच्या १०४ मुलांची तुलना केली. हा आजार झालेल्या मुलांमध्ये आदल्या चोवीस तासांत लिची खाल्लेली असण्याची शक्यता जवळपास साडेनऊ पट निघाली. संध्याकाळचं जेवण चुकलेलं असण्याची दुपटीहून थोडी जास्त. आणि ज्या मुलांनी जेवण चुकवलं होतं, त्यांच्यात लिचीचा धोका आणखी वाढलेला दिसला. शिवाय लघवीत विषाचे अवशेष शोधले, तर हा आजार झालेल्या ७३ मुलांपैकी ४८ जणांत सापडले, तुलनेच्या १५ मुलांपैकी एकातही नाही. डासावर घालून हे कसं उलगडणार?

सुलभा कुलकर्णी
मला डायबेटिस आहे, गोळ्या चालू आहेत. लिचीने साखर खाली येत असेल तर दिवसाला सात-आठ खाल्ल्या तर चालतील का? माझ्या जावेने कुठेतरी वाचलंय की लिचीच्या बीची पूड घेतात.

डॉ. मेधा, नाशिक
सुलभाताई, बीची पूड अजिबात नको. बीमध्ये हेच विष असतं, १९६० च्या दशकातच ते त्यात सापडलंय. पिकलेल्या लिचीत भरपूर साखर असते, तुमची साखर ती वाढवेलच. विषाने साखर खाली येणं म्हणजे औषध नव्हे, यकृताचं काम बंद पाडणं आहे. किती फळ चालेल ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

अस्लम, वाशी मार्केट
मी फळाचा धंदा करतो. शाही लिची मुजफ्फरपूरहून येते, चायना जात नंतर जूनमध्ये. २०१९ ला टीव्हीवर ते हॉस्पिटलचं दाखवायला लागले आणि आमचा माल पेटीसकट सडला. गिऱ्हाईक हात लावेना. आजतागायत एक तरी शहरातलं पोर वाशीहून घेतलेल्या लिचीने आजारी पडलं का? दाखवा. २०१८ ला शाहीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं आणि पुढच्याच वर्षी तिला खुनी ठरवलं. मुजफ्फरपुरातच लिचीचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, तिथले शास्त्रज्ञही लिचीला दोष देत नव्हते. बागवाल्याने काय करायचं?

डॉ. मेधा, नाशिक
अस्लमभाई, पेटीतल्या मालाबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर. तो पिकलेला, निवडलेला, आणि तो खाणारं मूल बहुधा रात्री वरणभात खाऊनच झोपतं. तुमच्या गिऱ्हाइकाने घाबरायचं कारण नाही. पण 'शहरात कोणी आजारी पडलं नाही' यावरून फळात विष नाही असं होत नाही. तुम्ही जो माल बाजूला काढता, हिरवा, बारीक, फुटलेला, तोच तिथल्या मजुरांच्या पोरांच्या तोंडी जातो.

विनय, पाटण्यात नोकरी होती
मी २०१९ मध्ये तिथे होतो. डॉक्टर, तुमचं लिचीचं गणित मला पटत नाही. त्या जूनमध्ये पारा चाळिसाच्या खूप वर होता आणि पाऊस पडल्याबरोबर केसेस थांबल्या. राज्यात दीडशेच्या वर मुलं गेली. लिची दरवर्षी येते, मग दरवर्षी एवढी मुलं का जात नाहीत? स्थानिक डॉक्टरांपैकी बरेच जण उष्णता आणि दमट हवाच म्हणत होते. अंगावर पिणारी मुलंही दाखल झाली होती, ती काय लिची खाणार? खरं कारण पत्र्याच्या घरातली रात्र.

आणि अजून एक. वीस लिच्या म्हणजे साधारण दोनशे ग्रॅम गर. २०१४ च्या तपासणीत गरात हायपोग्लायसिन ग्रॅमला १२ ते १५२ मायक्रोग्रॅम होतं. म्हणजे फार तर तीस मिलिग्रॅम. बारा किलोच्या मुलाला किलोमागे अडीच मिलिग्रॅम. उंदरांना मारायला याच्या कितीतरी पट लागतं. हिशोब जुळत नाही.

डॉ. मेधा, नाशिक
विनय, हा आक्षेप खरा आहे, माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. एवढंच की तुमच्या हिशोबात एमसीपीजी धरलेलं नाही. तेही गरात आहे, ग्रॅमला ४५ ते २२० मायक्रोग्रॅम, आणि तेही चरबी जाळणं अडवतं. शिवाय खाऊनपिऊन असलेल्या उंदरावरून आठवडेच्या आठवडे अर्धपोटी राहिलेल्या मुलाचा डोस ठरवता येत नाही. जमैकात अ‍ॅकी नावाच्या झाडाच्या कच्च्या फळाने हेच व्हायचं, तिथेही बळी जास्त करून गरीब घरची मुलं.

पावसाचं म्हणाल, तर पहिला पाऊस आणि लिची संपणं साधारण एकाच वेळी येतं. कॅलेंडर पाहून दोन्ही वेगळे करता येत नाहीत. लघवीतले अवशेष मात्र करतात, उष्णता ते सोडून जात नाही. २०१९ ला उष्णतेने भर घातली नसेल असं मी म्हणत नाही. तापलेल्या घरात मूल जेवत नाही, उलटी होते, पाणी कमी पडतं, म्हणजे साठा आणखी लवकर संपतो. अंगावर पिणाऱ्या मुलांचं कारण वेगळं असू शकतं. झटके आणि बेशुद्धी दिसली की सगळे एकाच नावाच्या रजिस्टरात जातात.

निखिल, ठाणे
बरं, विष आहे हे मान्य करू. पण मग बातमी "लिची घातक" अशीच का होते, "मूल उपाशी झोपलं" अशी का नाही? तिथल्या दवाखान्यात वेळेवर काही करता येतं का?

डॉ. मेधा, नाशिक
येतं, आणि ते फार स्वस्त आहे. २०१४ नंतर गावपातळीवर तीन गोष्टी सांगितल्या गेल्या: मुलांनी लिची कमी खावी, रात्री जेवल्याशिवाय झोपू नये, आणि झटके घेऊन आलेल्या प्रत्येक मुलाची साखर आधी पाहावी. पुढची काही वर्षं आकडे बरेच खाली आले, २०१९ पर्यंत.

आता त्याच बारा किलोच्या पोराचं घ्या. प्राथमिक केंद्रात ग्लुकोमीटर असेल तर मिनिटाभरात कळतं. साखर कमी आली की शिरेतून दहा टक्के डेक्स्ट्रोज म्हणजे साखरेचं द्रावण, किलोला पाच मिली, म्हणजे साठ मिली. दहा टक्क्यांची बाटली बहुतेक वेळा नसते. पाच टक्क्यांचं ४५ मिली आणि पंचवीस टक्क्यांचं १५ मिली एकत्र केलं की झालं. शीर सापडत नसेल तर ओली साखर चमचाभर जिभेखाली ठेवतात. शुद्ध नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, श्वासात जातं. साठ मिली देऊन झालं म्हणजे सुटका झाली असंही नाही. विष अजून शरीरात असतं, साखर पुन्हा घसरते. म्हणून ड्रिप चालू ठेवून थोड्या थोड्या वेळाने साखर तपासत राहायची. मोठ्या रुग्णालयाच्या वाटेवर, अँब्युलन्समध्येसुद्धा. एक डोस दिला आणि तीन तासांच्या प्रवासात कोणी पाहिलंच नाही, मग पोहोचेपर्यंत मेंदू गेलेला, असं घडू शकतं.

विनय, पाटण्यात नोकरी होती
ग्लुकोमीटर होता, पट्ट्या नव्हत्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. केंद्राचं नाव घेत नाही. पहाटे पाचला डॉक्टरही नव्हता. तुमची साठ मिली कोण भरणार?

तरी माझा मुद्दा राहतोच. ७३ पैकी २५ मुलांच्या लघवीत काहीच सापडलं नाही. ती कशाने आजारी पडली?

डॉ. मेधा, नाशिक
काहींचे नमुने उशिरा घेतले असतील, अवशेष तोवर निघून गेले असतील. काहींचा आजारच वेगळा असेल. त्या २५ मुलांचं कारण लिचीच होतं असं मी म्हणणार नाही, उष्णताच होतं असं तुम्हीही म्हणू नका.

अस्लम, वाशी मार्केट
डॉक्टर, पेटीवर "रात्री जेवूनच खा" असं छापलं तर चालेल का? माल नंतर पंधरा दिवसांत संपतो, या हंगामातच करायला हवं.

डॉ. मेधा, नाशिक
पेटी ज्याच्या घरी जाते त्याला त्याची गरज नाही, अस्लमभाई. तुमचा बागवाला तोडणीच्या दिवसांत मजुरांच्या पोरांना संध्याकाळी खिचडी देईल का, ते त्याला विचारून बघा.