सात वर्षांच्या मुलाला देण्याजोगा एक तरी गेम आहे का?

लोकमान्यनगरचे आजोबा
सात वर्षांच्या मुलाच्या हाती मोबाइलचा गेम देणारे आईबाप आळशी आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आमचा नातू सुट्टीत इंदूरला आला की कॅरम, लगोरी आणि पत्ते. मोबाइल कपाटात. सगळे गेम सारखेच असतात, मारामारी नाहीतर पैसे उकळणं. त्या वयाला देण्याजोगा एक तरी गेम कुणी दाखवावा.

सुदामानगरची सायली
काका, नमस्कार. ‘आळशी’ हा शब्द झोंबला, म्हणून सविस्तर लिहिते. गेम तपासणं ही माझी नोकरी आहे आणि माझी मुलगी सात वर्षांचीच आहे.

गेममध्ये तलवार आहे की नाही हे मी सगळ्यात शेवटी बघते. आधी बघते की माझ्या मुलीखेरीज त्यात आणखी कोण येऊ शकतं आणि तिथून पैसे बाहेर जायला वाट आहे का. प्ले स्टोअरवर 3+, 7+, 12+ असे आकडे असतात आणि ते वाचून आपण निर्धास्त होतो. तो आकडा गेम बनवणाऱ्यांनी भरून दिलेल्या प्रश्नावलीवरून ठरतो. गेममध्ये त्यांनी स्वतः काय घातलंय, एवढंच त्यातून कळतं. पलीकडून खेळणारा अनोळखी माणूस आपल्या पोराशी काय बोलेल, हे त्या आकड्यात येतच नाही. त्यासाठी Users Interact असं लिहिलंय का, ते वेगळं शोधावं लागतं. बरेच जण ते वाचत नाहीत.

आता तुम्ही मागितलेला गेम. माइनक्राफ्ट, ठोकळे रचून आपलं जग बांधायचा. युरोपात त्याला 7 चा शिक्का आहे, अमेरिकेत दहा वर्षांच्या पुढचा. गेम तोच, म्हणजे आकड्यावर किती विसंबायचं ते बघा. मी तो टॅबलेटवर एकदाच पैसे भरून घेतला. मुलीचं कुठलंही खातं उघडलं नाही, ती साइन इन न करता खेळते. नवीन जग बनवताना तीन गोष्टी केल्या. Creative निवडलं, म्हणजे विटा, लाकूड, काचा हव्या तेवढ्या मिळतात आणि पडून मरायची भीती नाही. Difficulty ला Peaceful ठेवलं, म्हणजे रात्री झोंबी येत नाहीत. या वयाची बरीच मुलं पहिल्या रात्रीच घाबरतात आणि मग झोपेत दचकतात. तिसरं, Multiplayer Game हे बटण बंद केलं. ते आधीपासून चालू असतं, हे लक्षात ठेवा. शिवाय प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं करून ठेवलं, कारण या गेमच्या आतही एक दुकान आहे.

थांबवायचं कसं, हा खरा प्रश्न. लढाईच्या गेममध्ये फेरी अर्धा तास चालू शकते. मध्येच उठलं तर बरोबरचे अडचणीत येतात, म्हणून पोर रडतं आणि त्याचं रडणं अगदीच खोटं नसतं. माइनक्राफ्टमध्ये सूर्य उगवतो, मावळतो आणि पुन्हा उगवतो, त्याला 20 मिनिटं लागतात. आमच्याकडे नियम आहे, दोनदा सूर्योदय झाला की बंद. जग आपोआप जपलं जातं, उद्या तिथूनच पुढे. घड्याळ दाखवून जे भांडण व्हायचं, ते सूर्याशी होत नाही.

पलासियाचा निखिल
सायलीताई, इतका खटाटोप कशाला? सगळी पोरं रोब्लॉक्सवर आहेत. माझा मुलगाही तिथेच खेळतो. नऊ वर्षांखालच्यांना तिथे आपोआप सौम्य गेमच दिसतात, चॅटही बंद असतं. शिवाय फुकट आहे. सात वर्षांच्या मुलाला एकट्याला विटा रचत बसवणं ही शिक्षा झाली. त्याला मित्रांबरोबर खेळायचं असतं.

सुदामानगरची सायली
निखिल, नियम तू सांगतोस तसेच आहेत. पण ते लागू होतात खात्यातल्या जन्मतारखेवरून. घाईत खातं उघडताना घरोघरी आईची किंवा बाबांची तारीख टाकली जाते आणि मग समोर सात वर्षांचं मूल आहे हे त्या यंत्रणेला कळायला मार्ग नाही. आता चॅट उघडण्याआधी चेहऱ्यावरून वयाचा अंदाज घेतात. तिथे मुलाऐवजी बाप कॅमेऱ्यासमोर बसला की पोर मोठं ठरलं. आणि रोब्लॉक्स हा एक गेम नाहीच. कुणीही बनवलेले असंख्य गेम तिथे आहेत, काल एक बघून ‘चांगला आहे’ म्हटलं तरी आज पोर दुसऱ्यात असतं. द्यायचंच असेल तर तारीख खरी टाक, तुझं पालकाचं खातं त्याला जोड आणि नको ते गेम तू बंद करून ठेव.

मित्रांचं म्हणशील तर मामेभाऊ घरी आला की दोन टॅबलेट एकाच वायफायवर. तेवढ्या वेळापुरतं मल्टीप्लेअर उघडते. दोघं शेजारी बसून भांडतात, मला ऐकू येतं.

पलासियाचा निखिल
तारखेचं ठीक आहे, मान्य. पण मामेभाऊ काय रोज येणार? ज्याच्या घरी दुसरं मूल नाही त्यानं काय करायचं, हे तुमच्या नियमात कुठे बसतं?

लोकमान्यनगरचे आजोबा
त्याने खाली उतरायचं! सूर्य बघायला टॅबलेट लागतो, याहून वाईट काय? आम्ही रामबागेत अंधार पडेपर्यंत खेळायचो. मुलांना मैदानात पाठवा, सगळे प्रश्न सुटतील.

रामबागची मृण्मयी
काका, कुठलं मैदान? मी त्याच रामबागेत राहते. गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या आहेत, मधून स्कूटर जेमतेम जाते. कोपऱ्यावर बगिचा आहे, त्याच्या फाटकावर ‘चेंडू खेळण्यास मनाई’ अशी पाटी. ती कुणी लावली माहीत आहे? संध्याकाळी बाकावर बसणाऱ्या तुमच्याच वयाच्या मंडळींनी. लगोरीचा चेंडू एकाच्या चष्म्याजवळून गेला म्हणून. माझ्या मुलाला रडवून घरी पाठवलं होतं. पोरांना हाकलायचं तुम्ही आणि घरात मोबाइल घेतला की आळशी आम्ही?

लोकमान्यनगरचे आजोबा
सूनबाई, जपून बोला. चष्म्याजवळून गेला म्हणजे डोळ्याजवळून गेला. सत्तरीच्या माणसाचा डोळा गेला तर कोण भरून देणार? वेळ ठरवून घ्या ना. पाच ते सहा मुलांची, मग आमची.

रामबागची मृण्मयी
मी तुमची सूनबाई नाही. आणि पाच वाजता मे महिन्यात बाहेर उभं राहून दाखवा.

विजयनगरचा योगेश
ऊन सोडा, आमच्या इथे कुत्री आहेत. संध्याकाळी सायकल दिसली की मागे लागतात. मुलाला खाली पाठवायचं तर मला किंवा बायकोला सोबत जावं लागतं आणि आम्ही दोघंही सातला घरी येतो. वसाहतीच्या समितीला कितीदा सांगितलं, ते म्हणतात कुत्र्यांना खाऊ घालणारे सभासदच आहेत. गाड्यांचंही तेच. दोन गाड्यांची जागा घेऊन तिसरी गाडी झोपाळ्याला टेकवून उभी करतात.

रामबागची मृण्मयी
झोपाळ्याला! आमच्याकडे घसरगुंडीवर लग्नाच्या मंडपाचे बांबू ठेवतात.

बुद्धिबळवाली आई
माझ्या मुलीला सातवं लागलंय. तिला बुद्धिबळाला घालू की बॅडमिंटनला? बुद्धिबळाचे शिक्षक म्हणतात रोज दोन तास बसवा, पण ती प्यादी बाहुल्यांसारखी झोपवते. अन्नपूर्णा रोडच्या बाजूला कुणी प्रेमाने शिकवणारं आहे का?

सुदामानगरची सायली
इथे मोबाइलच्या गेमबद्दल चाललंय, पण सांगते. दोन तास नका बसवू. फक्त प्यादी आणि राजा मांडून खेळा, ज्याचं प्यादं आधी पलीकडे पोचलं तो जिंकला. पाच-दहा मिनिटांत डाव संपतो, या वयाला तेवढंच पेलतं. हत्ती-घोडे नंतर.

विजयनगरचा योगेश
पैशाच्या वाटेबद्दल सायलीताई बोलल्या, त्यावर माझं ऐका. माझ्या मेव्हण्याने मुलाला वाढदिवसाला प्ले स्टोअरचा गिफ्ट कोड दिला. ते पैसे प्ले स्टोअरच्या शिल्लकीत जमा झाले. आम्ही निश्चिंत होतो की कार्डाला ओटीपी लागतो आणि यूपीआयला पिन. पण शिल्लक ना कार्ड ना यूपीआय, बँकेपर्यंत प्रश्नच जात नाही. खरेदीचा पासवर्ड लावलेला नव्हता. एका गाड्यांच्या गेममध्ये पेटीमागून पेटी उघडून त्याने दुपारभरात सगळं संपवलं. पेटीत काय निघेल ते उघडेपर्यंत कळत नाही, म्हणून तो उघडतच राहिला. विचारलं तर म्हणाला, मामाने मलाच दिले होते. यावर काय बोलणार?

लोकमान्यनगरचे आजोबा
हेच मी म्हणत होतो. याला जुगार नाही तर काय म्हणायचं?

सुदामानगरची सायली
पेटीबाबत काका बरोबर आहेत. सात वर्षांच्या मुलाच्या गेममध्ये न बघता उघडायची पेटी असेल आणि ती पैशाने मिळत असेल, तर मी तो गेम काढून टाकते, बाकी कितीही गोड असो. पण त्यावरून सगळे गेम तसेच, हे मला मान्य नाही. ज्याचे पैसे एकदाच भरले, त्याला पोराला रोज खेचून आणायची तेवढी गरज उरत नाही. फुकट गेमला असते. निखिल, ‘फुकट’ हा मी तरी गुण धरत नाही.

पलासियाचा निखिल
ताई, तुमचं जग फारच बंदिस्त आहे. तुमच्या मुलीला शाळेत विचारतील ‘रोब्लॉक्सवर आहेस का’, तेव्हा काय सांगणार? शिवाय माइनक्राफ्ट दिलं की पोरं त्याचे व्हिडिओ मागतात. त्या व्हिडिओंत काय काय ओरडतात ते ऐकलंय?

सुदामानगरची सायली
व्हिडिओंचं खरं आहे. गेमपेक्षा तेच मला जास्त छळतंय. टीव्हीवर, माझ्यासमोर, मी निवडलेला एक, असं चालवलंय. ते पुरेसं नाही, मला माहीत आहे. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने 2021 मध्ये पाच ते दहा वर्षांच्या मुलांना पडद्यासमोर दिवसाला दोन तासांहून कमी असं सांगितलं. व्हिडिओ त्यातच धरायला हवेत, नाहीतर आपण फक्त गेमची मिनिटं मोजत बसतो.

लोकमान्यनगरचे आजोबा
नातू दिवाळीत येतोय. त्याच्या बापाने त्याला हेच माइनक्राफ्ट दिलेलं आहे, हे मला आजच फोनवर कळलं. ते झोंबी बंद करायचं बटण कुठे असतं ते लिही. लगोरी आधी, हा नियम मात्र बदलणार नाही.

सुदामानगरची सायली
काका, खेळ चालू असताना थांबवा, Settings उघडा, त्यात Game मध्ये Difficulty आहे. तिथे Peaceful. जुनं जग तसंच राहतं, फक्त झोंबी जातात. त्याला विचारून करा मात्र, काही मुलांना झोंबी हवे असतात. पण Survival मध्ये, म्हणजे जीव जपत खेळायच्या प्रकारात, खेळत असेल तर Peaceful असूनही उंचावरून पडून किंवा लाव्ह्यात मरतो. मेला म्हणून रडत आला तर घाबरू नका.

रामबागची मृण्मयी
आणि काका, लगोरी कुठे खेळणार? आमच्या बगिच्यात पाटी आहे.

लोकमान्यनगरचे आजोबा
रविवारी सकाळी तुमच्या बगिच्यात येतो. त्या मंडळींतले दोघं माझ्या शाळेतले आहेत. पाटी काढतील असं म्हणत नाही, वेळेचं बोलून बघतो.

विजयनगरचा योगेश
माझं एक राहिलंच. आपल्या घरी सगळं बंद केलं, पासवर्ड लावले. पण शेजारच्या फ्लॅटमधला दादा बारावीत आहे, त्याच्या फोनवर बीजीएमआय हा बंदुकांच्या लढाईचा गेम आहे. ते 16+ आहे. आमचा मुलगा तिथे जाऊन त्याच्या मांडीवर बसून बघतो, कधी कधी बंदूकही चालवतो. ते कुटुंब फार चांगलं आहे, आम्हाला उशीर झाला तर मुलाला जेवू घालतात. त्यांना हे कोणत्या तोंडाने सांगायचं?